रविवारच्या सामन्याआधीचा वॉर्मअप: मांडीमागचा स्नायू सांभाळण्यासाठी पळण्याच्या पायऱ्या

मराठवाड्यातील हौशी क्रिकेटमध्ये मांडीच्या मागची शीर भरते ती बहुधा एका ठरावीक प्रसंगी. पाच-सहा दिवस दुकानात, कार्यालयात किंवा शाळेत बसून काढलेला खेळाडू रविवारी सकाळी मोटारसायकलवरून मैदानावर येतो, हात गोल फिरवतो, वाकून दोन-तीन वेळा पायाचे अंगठे धरतो आणि खेळायला उतरतो. पहिल्या काही चेंडूंतच एखादी चोरटी धाव घ्यावी लागते किंवा सीमारेषेकडे जाणाऱ्या चेंडूमागे धावावे लागते, आणि चौथ्या-पाचव्या ढांगेला मांडीच्या मागे कोणीतरी खडा मारल्यासारखे वाटून तो थांबतो. या लेखात टेनिस बॉलचा सामना डोळ्यांसमोर ठेवून साधारण २५ मिनिटांचा वॉर्मअप क्रमाने सांगितला आहे. फुटबॉल, कबड्डी किंवा खो-खो खेळणाऱ्यांनाही त्यातील बहुतेक भाग जसाच्या तसा लागू पडतो. मात्र खेळपट्टीजवळच्या वेळापत्रकाचा जो भाग पुढे येतो, तो क्रिकेटपुरता आहे.

दुखापत कोठे आणि केव्हा होते

हॅमस्ट्रिंग हा एक स्नायू नसून मांडीच्या मागे असलेला तीन स्नायूंचा गट आहे. आपण ज्या हाडांवर बसतो तेथून हे स्नायू निघतात आणि गुडघ्याच्या खाली पायाच्या हाडांना जाऊन मिळतात. त्यामुळे खुबा आणि गुडघा या दोन्ही सांध्यांवर त्यांचा ताबा असतो. भरधाव पळताना मागचा पाय पुढे फेकला जातो, तेव्हा खुब्यात मांडी वर आलेली असते आणि गुडघा सरळ होत असतो. म्हणजे स्नायू दोन्ही टोकांनी ताणला जात असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पुढे झेपावणारी पोटरी रोखून पाय जमिनीवर आणण्याचे काम त्याला करावे लागते. लांबत असतानाच जोर लावण्याची ही वेळ पाऊल जमिनीला टेकण्याच्या किंचित आधीची असते. पळतानाच्या बहुतेक दुखापती याच क्षणी होतात, आणि त्यांतही मांडीच्या मागच्या बाहेरील अंगाचा स्नायू अधिक वेळा सापडतो.

हे समजून घेतले की नुसते वाकून अंगठे धरण्याचा उपयोग एवढा मर्यादित का, ते लक्षात येते. उभे राहून घेतलेल्या ताणात स्नायू लांबतो खरा, पण लांबत असताना त्याला जोर लावावा लागत नाही आणि वेगही नसतो. हळू जॉगिंग करतानाही ढांग आखूड असल्याने स्नायू त्या अवस्थेपर्यंत पोहोचत नाही. पूर्ण वेगाच्या धावेची तयारी क्रमाक्रमाने वाढवलेल्या वेगाच्या धावेनेच होते, आणि हौशी संघांच्या वॉर्मअपमध्ये हमखास गाळला जातो तो हाच भाग. शनिवार-रविवारी खेळणाऱ्याच्या बाबतीत ही उणीव जास्त महागात पडते, कारण मधल्या आठवड्यात त्याने एकदाही वेगाने पळून पाहिलेले नसते.

वॉर्मअप काय करू शकतो याची मर्यादाही आधीच सांगितलेली बरी. त्याने स्नायूंचे तापमान वाढते, त्यांची हालचाल मोकळी होते आणि मेंदूकडून येणाऱ्या आज्ञांना ते चटकन प्रतिसाद देऊ लागतात. कमकुवत स्नायू मात्र त्या २५ मिनिटांत बळकट होत नाही, आणि जुन्या दुखापतीचा धोकाही त्यामुळे पुसला जात नाही. ज्याला ही दुखापत पूर्वी झालेली आहे त्याला ती पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून आठवड्यातील दोन छोट्या सत्रांचा विचार लेखाच्या पुढील भागात स्वतंत्रपणे केला आहे.

वेळ मागून मोजावी

सामना सकाळी आठला असेल तर वॉर्मअप सव्वासातला सुरू व्हावा आणि ७ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास संपावा. त्याआधी संपवला तर शरीर पुन्हा थंड होते, आणि त्यानंतर सुरू केला तर शेवटच्या वेगवान धावा आपसूक कापल्या जातात. नाणेफेक, संघाची यादी, पंचांशी बोलणे ही कामे कर्णधाराने वॉर्मअपच्या मध्ये न घेता आधी किंवा नंतर ठेवावीत. खेड्यातून तालुक्याच्या मैदानावर वीस-पंचवीस किलोमीटर मोटारसायकलने येणाऱ्यांनी उतरल्यावर पाच मिनिटे नुसते चालावे, कारण तेवढा वेळ खुबा आणि गुडघा दुमडलेल्या अवस्थेत गेलेला असतो.

त्या चालण्यातच मैदान पाहून घ्यावे. जिल्हा परिषद शाळेचे मैदान बहुधा मुरमाचे असते आणि त्यावर सुटे खडे असतात. काळ्या मातीच्या मैदानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, तर हिवाळ्याच्या पहाटे दवामुळे वरचा थर निसरडा होतो. वेगाच्या धावा कोणत्या पट्ट्यात घ्यायच्या ते तेव्हाच ठरवून ठेवावे. पाय घसरला की तो सावरण्यासाठी स्नायूला अचानक झटका बसतो, आणि हा झटका पळण्याइतकाच धोक्याचा असतो.

पहिली पायरी: अंग गरम करणे, पाच मिनिटे

पहिली दोन मिनिटे भरभर चालावे आणि पुढची तीन मिनिटे हळू पळावे. गती एवढीच असावी की सोबतच्या खेळाडूशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. सरळ पळता पळता मध्ये दहा-पंधरा पावले आडवे, दोन्ही बाजूंना, आणि तेवढीच पावले उलटे पळावे. या पाच मिनिटांत कपाळावर हलका घाम यायला हवा. डिसेंबर-जानेवारीत परभणीसारख्या ठिकाणी पहाटे चांगलीच थंडी असते. तेव्हा ही पायरी आठ मिनिटांपर्यंत वाढवावी आणि ट्रॅक पँट वेगाच्या धावांपर्यंत अंगावरच ठेवावी.

दुसरी पायरी: हालचालीतून ताण, सहा मिनिटे

येथे ताण घ्यायचा तो थांबून नव्हे, हालचाल करत. एका हाताने भिंतीला, जाळीला किंवा सोबत्याच्या खांद्याला धरून एक पाय पुढे-मागे झुलवावा. प्रत्येक पायाचे १२ झोके पुरेत. पहिले चार गुडघ्याएवढ्या उंचीचे, पुढचे चार कमरेपर्यंत आणि शेवटचे चार जमेल तेवढे उंच असावेत. पाठ वाकवून पाय उंच नेण्यात अर्थ नाही, कारण तशाने ताण मांडीवर न येता कमरेवर येतो. त्यानंतर चालता चालता एक टाच पुढे टेकवावी, पंजा आपल्याकडे ओढावा, पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकावे आणि दोन्ही हात जमिनीकडून वर झाडू मारल्यासारखे आणावेत. प्रत्येक पायाने आठ वेळा हे करावे.

मग लांब ढांग टाकून मागचा गुडघा जमिनीपासून वीतभर उंचीवर येईपर्यंत खाली बसावे आणि उठून दुसऱ्या पायाने पुढची ढांग टाकावी. अशा दहा ढांगा टाकताना मागच्या पायाच्या खुब्यासमोर ताण जाणवायला हवा. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्यांचा हा पुढचा भाग आखडलेला असतो. त्यामुळे पळताना कंबर पुढे झुकते, आणि कंबर पुढे झुकली की मांडीमागचा स्नायू सुरुवातीलाच थोडा ताणलेला राहतो. या पायरीतील ही एक हालचाल काही केल्या गाळू नये, असे माझे मत आहे.

थांबून घेतलेला ताण पूर्ण वर्ज्य आहे असेही नाही. ज्याला सवयीने तो घ्यावासा वाटतो त्याने प्रत्येक स्नायूला १५ ते २० सेकंद घ्यावा आणि तो याच पायरीत, वेगाच्या धावांच्या आधी संपवावा. एका स्नायूला एक मिनिटाहून अधिक वेळ ताणून धरले तर त्यानंतर काही काळ त्याचा जोर किंचित कमी पडतो, असे अनेक चाचण्यांत दिसून आले आहे.

तिसरी पायरी: स्नायू जागे करणे, चार मिनिटे

पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, टाचा ढुंगणापासून नेहमीपेक्षा एक वीत लांब ठेवाव्यात आणि पंजे वर उचलून फक्त टाचांवर जोर देत कंबर उचलावी. दोन सेकंद धरून हळू खाली यावे. टाचा लांब असल्याने काम ढुंगणाबरोबर मांडीमागच्या स्नायूलाही करावे लागते. दोन्ही पायांवर आठ वेळा आणि मग एकेका पायावर पाच-पाच वेळा हे करावे. एका बाजूला गोळा येतो आहे असे वाटले तर टाच थोडी जवळ घ्यावी. मैदानावर झोपायला नको वाटत असेल तर बॅटच्या किटचे कापड अंथरावे, पण ही पायरी टाळू नये.

त्यानंतर एका पायावर उभे राहून दुसरा पाय मागे सरळ नेत खुब्यातून पुढे वाकावे आणि पुन्हा उभे व्हावे. प्रत्येक बाजूने सहा वेळा, घाई न करता. तोल जात असेल तर बॅट जमिनीला टेकवून आधार घ्यावा. येथे थकवा येईपर्यंत व्यायाम करायचा नाही. खेळाच्या आधी दमवलेला स्नायू अधिक सहज दुखावतो, म्हणून संख्या वाढवण्याचा मोह आवरावा.

चौथी पायरी: वेगाची शिडी, आठ मिनिटे

हा वॉर्मअपचा गाभा आहे. दोन यष्ट्यांमधील अंतर २२ यार्ड, म्हणजे साधारण २० मीटर असते. खेळपट्टीच्या बाजूने दोन खेळपट्ट्यांएवढे, सुमारे ४० मीटरचे अंतर आखून घ्यावे आणि त्यापुढे थांबण्यासाठी १५ मीटर मोकळे ठेवावेत. आधी २० मीटर गुडघे कमरेपर्यंत उचलत उड्या मारत जावे, चालत परत यावे आणि पुन्हा एकदा तसेच करावे. मग पुढील सहा धावा घ्याव्यात. प्रत्येक धाव झाली की चालत परत यावे. त्यात जाणारा अर्धा मिनिट हीच विश्रांती.

पहिली धाव पूर्ण वेगाच्या निम्म्याने, दुसरी साठ टक्क्यांनी, तिसरी सत्तर, चौथी ऐंशी, पाचवी पंच्याऐंशी आणि सहावी नव्वद ते पंच्याण्णव टक्क्यांनी घ्यावी. घड्याळाशिवाय हे टक्के ओळखायचे कसे, हा प्रश्न रास्त आहे. निम्म्या वेगाला पळता पळता बोलता येते. सत्तरला एखादा शब्द निघतो, पण वाक्य निघत नाही. ऐंशी-पंच्याऐंशीला बोलणे शक्य नसते, तरी जबडा आणि खांदे सैल असतात. नव्वदीत जोर जवळजवळ पूर्ण लागतो आणि आणखी थोडासा वेग राखून ठेवल्याची जाणीव तेवढी उरते. चेहरा आक्रसला आणि मुठी आवळल्या गेल्या की आपण शंभराच्या जवळ पोहोचलो असे समजावे. वॉर्मअपमध्ये तेथवर जाण्याची गरज नाही.

वेग कसा घ्यायचा हेही महत्त्वाचे आहे. जागेवरून एकदम झेप न घेता पहिल्या १५ मीटरमध्ये वेग वाढवत न्यावा, पुढचे १५ मीटर तो टिकवावा आणि मग हळूहळू सोडावा. थांबताना पाय रोवून एकदम ब्रेक लावू नये. आखूड पावले टाकत, गुडघे किंचित वाकवून वेग कमी करावा. ढांग मुद्दाम लांब टाकण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. पाऊल शरीराच्या फार पुढे पडले की मांडीमागचा स्नायू सर्वात जास्त ताणलेल्या स्थितीत भार घेतो, आणि दमलेल्या खेळाडूच्या हातून नेमके हेच घडते.

क्रिकेटपटूने सहाव्या धावेनंतर आणखी दोन छोट्या धावा घ्याव्यात. बॅट हातात घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळावे, बॅट लांबवून रेषेपलीकडे टेकवावी, वळावे आणि परत यावे. पहिली खेप ऐंशी टक्क्यांनी, दुसरी नव्वदने. बॅट टेकवताना धड पुढे झुकलेले असते आणि पाय लांब पडतो. स्नायूची ही स्थिती सरळ पळण्यात येत नाही, आणि दुसरी धाव घेण्यासाठी वळताना बऱ्याच जणांच्या मांडीत चमक भरते ती याच जागी.

एका बाजूला जाणवले तर काय करायचे

समजा, परभणीच्या मोंढ्यात हिशेबनिसाचे काम करणारा ३८ वर्षांचा एक खेळाडू आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या मांडीची शीर भरली होती आणि तो तीन-चार आठवडे घरी बसला होता. रविवारी सामना आठला आहे, संघाची फलंदाजी आधी आहे आणि तो पाचव्या क्रमांकावर खेळणार आहे.

सव्वासातला त्याने सुरुवात केली. पहिल्या तीन पायऱ्यांत त्याला काही जाणवले नाही. वेगाच्या शिडीत तिसऱ्या, म्हणजे सत्तर टक्क्यांच्या धावेत डाव्या मांडीमागे आखडल्यासारखे वाटले. येथे त्याने दोन गोष्टी तपासायच्या आहेत. पहिली म्हणजे ही जाणीव पसरट आहे की एका बोटाने दाखवता येईल अशी. पसरट आखडलेपण बहुधा जुन्या दुखापतीचे किंवा आदल्या व्यायामाचे असते. बोट ठेवून दाखवता येणारी टोचणारी जागा मात्र इशारा मानावी. दुसरी गोष्ट म्हणजे पुन्हा केल्यावर काय होते. त्याने वेग न वाढवता सत्तर टक्क्यांचीच धाव आणखी एकदा घ्यावी. आखडलेपण कमी झाले तर ऐंशीकडे जावे. तेवढेच राहिले तर आणखी एक धाव घेऊन पाहावी. वाढले, किंवा पाऊल आपोआप आखूड पडू लागले, तर त्या दिवशी वेगाने पळण्याचे काम त्याच्याकडे नाही, असे कर्णधाराला तेथेच सांगावे. या उदाहरणात दुसऱ्या खेपेला आखडलेपण उतरले, तो ऐंशी आणि पंच्याऐंशीपर्यंत गेला आणि शेवटची नव्वदीची धाव त्याने पंच्याऐंशीवरच ठेवली. हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. जुनी दुखापत असलेल्याने शिडीची शेवटची पायरी गाठलीच पाहिजे असे नसते.

वॉर्मअप ७.४० ला संपला, सामना आठला सुरू झाला आणि दुसरा गडी ८.२० ला बाद झाला. आता तो चाळीस मिनिटे मंडपात बसून आहे. फुटबॉलमधील मोजमापांत मध्यंतराच्या १५ मिनिटांतच मांडीच्या स्नायूचे तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलेले आढळले आहे, त्यामुळे सकाळी मिळवलेली ऊब आतापर्यंत बरीच गेलेली आहे. म्हणून दुसरा गडी बाद होताच त्याने पॅव्हेलियनमागे चार मिनिटांची छोटी उजळणी करायची: एक मिनिट जॉगिंग, प्रत्येक पायाचे सहा झोके, टाचांवर कंबर उचलण्याचा व्यायाम सोडून देऊन थेट २० मीटरच्या तीन धावा, अनुक्रमे साठ, ऐंशी आणि पंच्याऐंशी टक्क्यांच्या. सलामीवीर लवकर बाद होण्याची सवय असलेल्या संघात ही उजळणी पहिला गडी बाद झाल्यावरच सुरू करावी, एवढाच फरक. खेळायला गेल्यावर पहिल्या षटकात साथीदाराशी ठरवून निश्चित असलेल्या धावाच घ्याव्यात, आणि तिसरी धाव पहिल्याच फटक्यावर मागू नये.

क्षेत्ररक्षणाला जातानाही हेच लागू आहे. डाव संपल्यावर पोहे-चहा घेऊन पंधरा-वीस मिनिटे गेलेली असतात. मैदानात जाताना चालत न जाता आपल्या जागेपर्यंत जॉगिंग करावे आणि पहिला चेंडू पडण्याआधी तेथेच दोन छोट्या वेगवान धावा घ्याव्यात. गोलंदाजाने आपले षटक येण्याआधीच्या षटकात, दोन चेंडूंच्या मधल्या वेळेत, जागच्या जागी गुडघे उचलावेत आणि पहिला चेंडू पूर्ण रनअपने पण थोड्या कमी जोराने टाकावा. एका दिवसात तीन-चार छोटे सामने असलेल्या स्पर्धेत प्रत्येक सामन्याआधी पूर्ण वॉर्मअपची गरज नसते. पहिल्याला पूर्ण, नंतरच्यांना आठ मिनिटे पुरतात. पण वेगाच्या निदान तीन धावा प्रत्येक वेळी व्हायलाच हव्यात. शेवटच्या सामन्यात धोका जास्त असतो, कारण तोवर थकवा साठलेला असतो, आणि ऊब टिकवून थकवा काही जात नाही. अशा वेळी जुनी दुखापत असलेल्याला सीमारेषेवरून काढून स्लिपसारख्या कमी पळापळीच्या जागी ठेवणे हेच कर्णधाराचे काम.

उन्हाळ्यातील फरक

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि अंग तसेही तापलेले असते. त्यामुळे वॉर्मअपची गरज नाही असे म्हणणारे प्रत्येक संघात असतात. हवेच्या उष्णतेने त्वचा तापते, पण वेगाने पळण्याचा सराव त्याने होत नाही. उन्हाळ्यात पहिली पायरी दोन मिनिटांवर आणावी, दुसरी आणि तिसरी लिंबाच्या सावलीत करावी, आणि वेगाच्या धावा मात्र सहाच्या सहा ठेवून मधली विश्रांती एक मिनिटापर्यंत वाढवावी. उन्हात पोटरीत किंवा मांडीत गोळा येणे ही वेगळी गोष्ट आहे. गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि हळूवार ताणल्यावर काही मिनिटांत सुटतो. शीर भरल्यावर ताणले की दुखणे वाढते. खात्री नसताना सोबत्याने जोर लावून पाय ताणून देणे, हे मैदानावर नेहमी दिसणारे दृश्य, नेमके याच कारणाने धोक्याचे आहे.

मधल्या आठवड्यातील दोन सत्रे

जो स्नायू लांबत असताना जोर लावतो, त्याला लांबत असतानाच बळकट करावे लागते. यासाठी सर्वाधिक तपासला गेलेला व्यायाम म्हणजे नॉर्डिक. जाड सतरंजीवर गुडघे टेकून उभे राहावे, सोबत्याने दोन्ही घोटे घट्ट धरावेत आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून तीन ते पाच सेकंदांत जमेल तेवढे हळू पुढे झुकावे. तोल सुटला की हात टेकून पडावे आणि हातांच्याच जोरावर परत उठावे. कमरेतून वाकले तर व्यायाम सोपा होतो आणि उपयोगही जातो. डेन्मार्कमधील फुटबॉलपटूंवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तसेच नेदरलँड्समधील हौशी खेळाडूंवरच्या २०१५ च्या अभ्यासात, हा व्यायाम नियमित करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी आढळल्या. फिफाने २००६ मध्ये तयार केलेल्या ‘११+’ या सुमारे २० मिनिटांच्या वॉर्मअपमध्येही तो आहे.

मात्र आठवड्यातून एकदाच खेळणाऱ्याने तो रविवारच्या वॉर्मअपमध्ये करू नये, असे मी सुचवीन. सवय नसलेल्या स्नायूला त्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चांगलेच दुखते, आणि खेळाआधी केला तर थकवा येतो. मंगळवारी संध्याकाळी करावा. पहिल्या आठवड्यात पाच-पाचच्या दोन फेऱ्या, दुसऱ्यात सहा-सहाच्या दोन, आणि पुढे महिन्याभरात आठ-आठच्या तीन फेऱ्यांपर्यंत जावे. धरायला कोणी नसेल किंवा गुडघे दुखत असतील, तर शहाबादी फरशीवर पाठीवर झोपून टाचांखाली जुने सुती फडके ठेवावे, कंबर उचलावी आणि टाचा हळूहळू दूर सरकवत पाय जवळजवळ सरळ होईपर्यंत न्यावेत. परत ओढून आणण्याऐवजी कंबर टेकवून, पाय मोकळे करून पुन्हा सुरुवात करावी. सहा-सहाच्या दोन फेऱ्या पुरेत.

दुसरे सत्र गुरुवारी किंवा शुक्रवारी सकाळी, वीस मिनिटांचे. त्यात वरील वॉर्मअपच्या पहिल्या दोन पायऱ्या आणि वेगाच्या शिडीतील चार धावा घ्यायच्या, शेवटची नव्वद टक्क्यांची. रविवारचा वेगाचा धक्का शरीराला आठवड्यातून पहिल्यांदाच बसू नये, हा त्यामागचा हेतू. ज्याला दोन्ही सत्रे जमत नाहीत आणि दोहोंपैकी एकच निवडायचे आहे, त्याने पूर्वी दुखापत झालेली असेल तर नॉर्डिक निवडावे, आणि नसेल तर गुरुवारच्या धावा.

शीर भरलीच तर

पळता पळता अचानक चमक आली तर त्याच ढांगेला वेग सोडून थांबावे आणि बाहेर यावे. त्यानंतर परत मैदानात जाऊ नये, वॉर्मअप पुन्हा करून पाहू नये, आणि पहिल्या दोन दिवसांत जोरकस मालिश किंवा गरम शेक देऊ नये. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावून पाय उंच ठेवावा. दुखापत होताना तुटल्याचा आवाज आला असेल, चालताच येत नसेल, बसण्याच्या हाडाजवळ दुखत असेल किंवा एक-दोन दिवसांत मांडीमागे मोठा निळा-काळा डाग उतरला असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जाण्यास उशीर करू नये. स्नायूबंध हाडापासून सुटलेला असू शकतो, आणि अशा वेळी पहिले काही आठवडे निर्णायक असतात.

परत खेळण्याची घाई हेच दुसऱ्यांदा शीर भरण्याचे नेहमीचे कारण. दुखणे चालताना थांबते तेव्हा स्नायू वेगासाठी तयार झालेला नसतो. एका पायाच्या टाचेवर जोर देत कंबर उचलण्याचा व्यायाम दोन्ही बाजूंना सारख्याच संख्येने आणि न दुखता झाला पाहिजे. त्यानंतर वर सांगितलेली वेगाची शिडी सामना नसलेल्या दिवशी, पूर्ण नव्वदीपर्यंत, किमान दोन वेगवेगळ्या दिवशी दुखण्याशिवाय पार झाली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही मांडी मोकळी असली पाहिजे. तोवर संघात जागा हवीच असेल तर यष्टीमागे किंवा पंच म्हणून उभे राहता येते. त्यातही यष्टीरक्षणात सतत बसावे-उठावे लागते, म्हणून पंचगिरी बरी.